प्रीमियमवाल्यांचं पाहणं वाया जात नाही

प्रश्न : सोलापूरच्या घरगुती स्वयंपाकाचा माझा यूट्यूब चॅनल आहे. शेंगा चटणी, कडक भाकरी, हुरडा, असे सगळे मोठे व्हिडिओ टाकते, शॉर्ट्स टाकत नाही. दिवाळीपासून कमाई सुरू झाली. गेल्या महिन्यात 20,000 व्ह्यू झाले, पण कमाईच्या आकड्यांत Estimated monetized playbacks फक्त 9,000 दिसतात. धाकटे दीर म्हणतात, उरलेले 11,000 प्रीमियमवाले असणार. त्यांना जाहिरात दिसत नाही, म्हणून यूट्यूब त्यांना धरतच नाही. आमच्या घरात दीर, नणंद, भाचे सगळ्यांकडे प्रीमियम आहे. नणंद पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने येताना माझे व्हिडिओ डाउनलोड करून पाहते. आता सगळ्यांनी ठरवलंय की प्रीमियम बंद करायचं आणि रोज रात्री फोनवर माझे व्हिडिओ जाहिरातींसकट लावून ठेवायचे. असं करावं का? प्रीमियमवाल्यांचे व्ह्यू आणि वॉच टाइम खरंच मोजत नाहीत का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर :

ताई, आधी दिरांना फोन करून सांगा की कुणीही प्रीमियम बंद करायचं नाही आणि रात्री फोन लावून तर मुळीच ठेवायचे नाहीत. दुसरी गोष्ट चॅनलच्या मुळावर येऊ शकते, म्हणून घाईने सांगतोय. कारण पुढे येईलच.

आता मूळ शंकेकडे येऊ. प्रीमियम घेतलेल्या माणसाने तुमचा व्हिडिओ पाहिला की तो व्ह्यू मोजला जातो. व्हिडिओखाली सगळ्या जगाला जो आकडा दिसतो, त्यात तो असतो. त्याने जितकी मिनिटं पाहिलं, तितकी मिनिटं वॉच टाइममध्येही जमा होतात. व्ह्यू म्हणजे कुणीतरी व्हिडिओ पाहिला याची नोंद. त्यावर जाहिरात लागली की नाही, याच्याशी त्या नोंदीचा संबंध नाही. ज्यांची कमाई अजून सुरू झालेली नाही, त्यांनाही हे लागू आहे. 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास, ही अट पुरी करताना प्रीमियमवाल्यांचे तास इतरांसारखेच धरले जातात. त्या 4,000 तासांतून वगळतात ते वेगळेच प्रकार आहेत : खाजगी ठेवलेले, लिंकशिवाय न दिसणारे किंवा काढून टाकलेले व्हिडिओ, स्वतः पैसे भरून जाहिरात म्हणून चालवलेले व्हिडिओ आणि शॉर्ट्सच्या फीडमधलं पाहणं. या यादीत प्रीमियम कुठेच नाही.

मग 20,000 आणि 9,000 मधला फरक कुठून आला? दिरांची गफलत इथे झाली आणि ती बऱ्याच चॅनलवाल्यांची होते, कारण दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात आणि एक दुसऱ्याचा भाग वाटतो. Estimated monetized playbacks हा जाहिरातीचा हिशेब आहे. ज्या वेळी व्हिडिओवर निदान एक जाहिरात दिसली, किंवा सुरुवातीची जाहिरात चालू असतानाच प्रेक्षक कंटाळून निघून गेला, तेवढ्याच वेळा तो मोजतो. प्रीमियमवाल्याला जाहिरात दिसतच नाही, त्यामुळे तो या आकड्यात येणं शक्यच नाही. दिरांचं इतकंच बरोबर आहे. पण या आकड्यात नसलेला प्रत्येक जण प्रीमियमवाला असतो, हे मात्र खरं नाही. आणि या आकड्यात नाही म्हणजे मोजलाच नाही, हे तर अजिबात नाही.

हे अंदाजाने बोलायची गरज नाही, तुमच्याच यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावर, याचा वेगळा आकडा ठेवलेला आहे. म्हणून तुमचं पत्र आल्यावर मी तुम्हाला कॉम्प्युटरवरून स्टुडिओ उघडायला सांगितलं होतं. ॲनालिटिक्समध्ये जाऊन Advanced mode उघडायचा, तारीख गेल्या पूर्ण महिन्याची निवडायची आणि वरच्या आकड्यांच्या यादीतून दोन रकाने जोडायचे : YouTube Premium views आणि YouTube Premium watch time (hours). तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते दोन्ही स्वच्छ दिसतात. प्रीमियमचे व्ह्यू 1,600 आणि प्रीमियमचे तास 140. एकूण व्ह्यू 20,000 आणि एकूण तास 1,300. हे 1,600 त्या 20,000 च्या आतलेच आहेत, हे 140 तास त्या 1,300 च्या आतलेच आहेत. वेगळे मिळवायचे नाहीत आणि वजाही करायचे नाहीत. कोण माणूस प्रीमियमवाला आहे, नणंदेने किती वेळा पाहिलं, हे मात्र यूट्यूब कधीच सांगत नाही. दिसते ती फक्त बेरीज.

याचा अर्थ 11,000 च्या फरकात प्रीमियमचा वाटा 1,600 इतकाच आहे. उरलेले 9,400 व्ह्यू साध्या, फुकट पाहणाऱ्या लोकांचे आहेत, ज्यांना जाहिरात दिसू शकली असती पण तुमच्या हिशेबात धरली जाईल अशी जाहिरात दिसली नाही. असं होणं अगदी रोजचं आहे. त्या क्षणी त्या माणसासाठी, त्या गावासाठी कुणा जाहिरातदाराने बोलीच लावलेली नसते. किंवा त्याने आत्ताच दुसऱ्या व्हिडिओवर जाहिरात पाहिलेली असते, म्हणून लगेच पुन्हा दाखवत नाहीत. कुणी जाहिरात अडवणारं ॲप बसवलेलं असतं. कुणी व्हिडिओ सुरू करून मधली जाहिरात यायच्या आतच निघून जातो. तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याकडे शेवटी येतो.

आता पैशाचं बोलू, कारण मोजतात की नाही या प्रश्नामागे खरी काळजी तीच असते. कमाई सुरू असलेल्या चॅनलला प्रीमियमवाल्यांचे पैसे मिळतात, पण वेगळ्या वाटेने. लोक महिन्याला प्रीमियमची जी फी भरतात, त्यातला चॅनलवाल्यांसाठीचा वाटा यूट्यूब सगळ्या सहभागी चॅनलांत वाटतं. तुमच्या वाट्याला किती, हे प्रीमियमवाल्यांनी त्या महिन्यात एकूण जे पाहिलं त्यात तुमचं किती पाहिलं, यावर ठरतं. यूट्यूबच्या करारात निव्वळ उत्पन्नातला चॅनलवाल्यांचा वाटा 55 टक्के लिहिला आहे आणि तो व्ह्यू किंवा वॉच टाइमच्या प्रमाणात वाटायचा अधिकार यूट्यूबने स्वतःकडे ठेवला आहे. व्हिडिओवरच्या जाहिरातीतही चॅनलचा वाटा 55 टक्केच आहे. फरक असा की जाहिरातीत मोजणी जाहिरातींची होते आणि प्रीमियममध्ये पाहण्याची. ज्यांचा चॅनल अजून यूट्यूबच्या कमाईच्या कार्यक्रमात घेतलेला नाही, त्यांना प्रीमियमचे व्ह्यू आणि तास मिळतात, पैसे मिळत नाहीत.

तुमचाच महिना कागदावर मांडू. जाहिरातींचा Playback-based CPM तुमच्याकडे ₹80 दाखवतो. म्हणजे जाहिरात दिसलेल्या दर हजार व्ह्यूंमागे जाहिरातदारांनी ₹80 मोजले. 9,000 व्ह्यूंचे ₹720 झाले. त्यातले 55 टक्के तुमचे, म्हणजे ₹396. स्टुडिओत जाहिरातीची रक्कम हीच दिसते. तिच्याखाली YouTube Premium या ओळीत ₹64 आहेत. दोन्ही मिळून ₹460. RPM च्या रकान्यात ₹23 लिहिलेलं आहे, ते इथूनच आलं : 460 ला 20,000 ने भागायचं आणि हजाराने गुणायचं. RPM मध्ये सगळे व्ह्यू आणि सगळी कमाई धरतात, प्रीमियमसुद्धा. CPM मध्ये प्रीमियम नसतं. हे दोन रकाने एकच समजले की हिशेब कधीच जुळत नाही.

आता हेच आकडे दिरांच्या बेतासमोर ठेवून पाहा. प्रीमियमच्या 1,600 व्ह्यूंचे ₹64 आले, म्हणजे हजार व्ह्यूंमागे ₹40. उरलेल्या 18,400 व्ह्यूंमधून जाहिरातीचे ₹396 आले, म्हणजे हजारामागे साधारण साडेएकवीस रुपये. तुमच्या चॅनलवर गेल्या महिन्यात प्रीमियमवाल्याच्या एका व्ह्यूने साध्या प्रेक्षकाच्या व्ह्यूपेक्षा जवळजवळ दुप्पट दिलं. प्रत्येक चॅनलला आणि प्रत्येक महिन्यात असंच होईल, असं नाही. परदेशी जाहिरातदार ज्यांच्या व्हिडिओवर बोली लावतात, त्यांच्याकडे जाहिरातीचा भाव बराच जास्त असतो आणि गणित उलटंही होतं. पण तुमचं गणित तुमच्यासमोर आहे.

असं का झालं, तेही आकड्यांतच आहे. तुमचा एकूण सरासरी प्रेक्षक एका वेळी चार मिनिटांच्या आतच थांबतो. 1,300 तासांना 20,000 ने भागलं की 3 मिनिटं 54 सेकंद येतात. प्रीमियमवाला सव्वापाच मिनिटं थांबतो. जाहिरात मध्ये येत नाही म्हणूनही असेल, किंवा तो माणूस पुण्यात, बंगळुरूत, दुबईत बसलेला सोलापूरकर आहे आणि आईच्या हातची कडक भाकरी कशी व्हायची ते शेवटपर्यंत पाहतोय म्हणूनही असेल. कारण कोणतंही असो, प्रीमियमच्या पैशात हे जास्तीचं थांबणं उपयोगी पडतं.

नणंदेचंच उदाहरण घ्या. तुमचा कडक भाकरीचा व्हिडिओ 14 मिनिटांचा आहे. प्रीमियमच्या 140 तासांचे ₹64, म्हणजे तासाला सुमारे 46 पैसे. 14 मिनिटं पूर्ण पाहिली तर साधारण 11 पैसे. तिने प्रीमियम बंद करून तोच व्हिडिओ जाहिरातीसह पाहिला, तर तुमच्या सरासरीने जाहिरात दिसलेल्या एका व्ह्यूचे 396 भागिले 9,000, म्हणजे साडेचार पैशांच्या आत. तेही जाहिरात लागली तर. तुमच्याकडे निम्म्याहून जास्त वेळा ती लागतच नाही. मध्ये दोन जाहिराती आल्या तर थोडं वाढेल, पण बेत घाट्याचाच आहे. नणंदेचे जाहिरातींशिवाय पाहायचे सुख जाणार आणि तुमचे पैसेही कमी होणार.

हुतात्मा एक्स्प्रेसमधलं पाहणंही वाया जात नाही. डाउनलोड करून ऑफलाइन पाहिलेले व्हिडिओ मोजले जातात, फक्त त्याची नोंद फोनमध्ये राहते आणि फोन पुन्हा नेटवर आला की यूट्यूबकडे जाते. म्हणून वाटेत पाहिलेलं लगेच तुमच्या स्टुडिओत दिसणार नाही. नणंद सोलापूर स्टेशनवर उतरून घरी आली आणि तिचा फोन वायफायला जोडला गेला की मग ते जमा होईल. शुक्रवारी रात्री पाहिलेलं शुक्रवारी रात्री दिसलं नाही म्हणून बुडालं, असं समजू नका. एवढं मात्र तिला सांगा की डाउनलोड केलेले व्हिडिओ फोनमध्ये टिकून राहायला फोन अधूनमधून, निदान महिन्याच्या आत एकदा तरी, नेटशी जोडावा लागतो. स्क्रीन बंद करून नुसता आवाज ऐकण्याची सोय प्रीमियममध्ये आहे, तेही पाहण्यातच धरतात. चटणी कुटताना मागे तुमचा व्हिडिओ ऐकणारी बाई असेल, तर तिचे तास तुमच्याच खात्यात येतात.

एक बारीक गोष्ट. प्रीमियम लाइट नावाचा स्वस्त प्रकारही आता आला आहे. त्यात बहुतेक व्हिडिओ जाहिरातीविना दिसतात, पण गाण्यांवर आणि शॉर्ट्सवर जाहिराती येऊ शकतात. स्वयंपाकाच्या व्हिडिओंसाठी व्ह्यू आणि वॉच टाइमचा नियम तोच. भाच्यांपैकी कुणाकडे लाइट असेल तर त्यानेही काही बदलू नये.

आता रात्री फोन लावून ठेवण्याबद्दल. इथे मी स्पष्ट बोलणार आहे, कारण अशा प्रेमापोटी चॅनल अडचणीत आलेले आहेत. घरच्यांनी तुमचा व्हिडिओ आवडीने पाहिला, पुन्हा पाहिला, त्यात काहीच गैर नाही आणि तो व्ह्यू खराच आहे. पण जाहिरातींचा आकडा वाढावा म्हणून फोनवर व्हिडिओ रात्रभर फिरवत ठेवणं, याला यूट्यूब आणि ॲडसेन्स अवैध ट्रॅफिक म्हणतात. त्या जाहिरातींचे पैसे जाहिरातदारांनी खऱ्या माणसाने पाहावं म्हणून दिलेले असतात. झोपलेल्या माणसाच्या उशाजवळच्या फोनसाठी नाही. पकडलं गेलं की आधी कमाईतून रक्कम वजा होते, आणि वारंवार झालं तर चॅनलवरच्या जाहिराती थांबतात, ॲडसेन्सचं खातं बंद होतं किंवा चॅनल कमाईच्या कार्यक्रमातून बाहेर काढला जातो. हेच प्रीमियमच्या फोनवर केलं तरी सुटका नाही. खोटे व्ह्यू आणि खोटे तास जाहिरात असो वा नसो, काढून टाकले जातात. एकाच घरातून, एकाच वायफायवरून, रोज त्याच वेळी तेच व्हिडिओ फिरताहेत, हे ओळखायला यंत्रणेला फारसा वेळ लागत नाही. आणि घरच्यांना जाहिरातींवर क्लिक करायला सांगणं तर नियमात साफ मना आहे. तुम्ही स्वतःही स्वतःच्या व्हिडिओवरच्या जाहिरातीला कधी बोट लावू नका.

आता तो 9,400 चा मोठा भाग. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंच्या यादीत मला जानेवारीतल्या गड्डा यात्रेचा व्हिडिओ दिसला. नंदीध्वजांची मिरवणूक आणि नंतर यात्रेतल्या खाण्याच्या गाड्या. गेल्या महिन्यात त्याला 4,100 व्ह्यू आले, तुमच्या एकूण व्ह्यूंच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. त्याच्या ओळीत Restrictions या रकान्याखाली Copyright लिहिलेलं आहे, आणि व्हिडिओनुसार कमाई लावली तर त्याच्यापुढे शून्य आहे. तुम्ही खाण्याच्या गाड्यांचं शूटिंग करत असताना मागे कुठेतरी स्पीकरवर गाणं लागलेलं होतं. ते गाणं यूट्यूबच्या यंत्रणेने ओळखलं आणि गाण्याच्या हक्कदाराने व्हिडिओवर दावा लावला.

अशा दाव्यात व्हिडिओ तसाच चालू राहतो. त्याचे व्ह्यू आणि तास तुमच्याच चॅनलवर मोजले जातात, म्हणूनच ते 20,000 मध्ये दिसतात. पण त्यावरची कमाई हक्कदाराकडे जाते. जाहिरातीची जाते आणि प्रीमियमचीही जाते. म्हणजे प्रीमियमवाल्याने तुमचा व्हिडिओ पाहिला, तो मोजला गेला, त्याच्या फीमधला वाटाही निघाला आणि तरी तो तुम्हाला मिळाला नाही, असं खरंच घडतं. फक्त ते प्रीमियममुळे नाही, या दाव्यामुळे घडतं. दोन्ही आकडे तुमच्या समोर असताना दिरांनी दोष भलत्यालाच दिला.

याच्या उलट प्रकारही असतो, तोही सांगून ठेवतो म्हणजे घाबरायला नको. कधी व्हिडिओच्या पुढे डॉलरचं पिवळं चिन्ह येतं. त्याचा अर्थ जाहिरातदारांना हा विषय नकोसा वाटतो, म्हणून जाहिराती कमी लागतील किंवा लागणार नाहीत. पण अशा व्हिडिओवर प्रीमियमचे पैसे मिळू शकतात, कारण तिथे जाहिरातीची गरजच नसते. तुमच्या यादीत पिवळं चिन्ह कुठेच नाही. पुढे कधी यात्रेतल्या बोकडाच्या मटणाच्या व्हिडिओवर आलं, तर आधी तपासणीची विनंती करा आणि तोवर प्रीमियमची ओळ बघत राहा.

गड्डा यात्रेच्या व्हिडिओचं काम मात्र आजच करा. स्टुडिओत तो व्हिडिओ उघडा, Copyright या शब्दावर जा आणि तपशील पाहा. दाव्याचं गाणं कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. खाली तीन वाटा मिळतील : तेवढा भाग कापणं, गाण्याच्या जागी यूट्यूबच्या संग्रहातलं दुसरं संगीत लावणं, किंवा तेवढ्या भागातलं गाणं बंद करणं. कापू नका, कारण तेवढ्यातच शेंगपोळीवाल्या आजींचं बोलणं आहे असं तुम्ही लिहिलंय. आधी फक्त गाणं बंद करून पाहा. ही सोय मागचं बोलणं राखून गाणं काढायचा प्रयत्न करते. शेजारी गोंगाट फार असेल तर ते नीट जमत नाही आणि त्या भागातला सगळाच आवाज बंद करावा लागतो. तसं झालं तर आजींच्या वाक्यांखाली मराठीत सबटायटल द्या. बदल सेव्ह केल्यावर व्हिडिओवर प्रक्रिया व्हायला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात व्हिडिओ जुन्याच आवाजाने लोकांना दिसत राहतो. प्रक्रिया संपली की दावा निघतो आणि त्यानंतरच्या व्ह्यूंची कमाई तुमच्याकडे येऊ लागते. मागचे पैसे परत येतील, असं मात्र धरून चालू नका.

मग पुढच्या महिन्याच्या शेवटी पुन्हा Advanced mode उघडा आणि तेच चार आकडे शेजारी लिहा : एकूण व्ह्यू, जाहिरात दिसलेले व्ह्यू, प्रीमियमचे व्ह्यू आणि प्रीमियमचे तास. सोबत प्रीमियमच्या ओळीतले रुपये. दिरांना हा कागद दाखवा. आणि सगळे मिळून टीव्हीवर तुमचा व्हिडिओ पाहत असतील, तर दिवाणखान्यात दहा जण बसले तरी तो एकच व्ह्यू होतो, हेही त्यांना सांगा, नाहीतर पुढचं पत्र त्यावर येईल.